कानासाठी लिहिताना : चार पानांचं सार दोन मिनिटांत



आज आपण एका अशा कामाबद्दल बोलणार आहोत, जे तुमच्यापैकी अनेकजणी आधीपासूनच करता. आरोग्य केंद्रातून पत्रक येतं, बँकेचं पत्र येतं, पंचायतीची सूचना येते. मग गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, "अगं, थोडक्यात सांग ना काय लिहिलंय." जिच्या हातात कागद असतो, ती सांगते. आम्हीही रेडिओवर हेच करतो. फरक एवढाच, की बैठकीत समोरची बाई "काय म्हणालीस, परत सांग" असं म्हणू शकते. रेडिओला तसं म्हणता येत नाही. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचा निरोप पाठवला तर तो परत ऐकता येतो खरा, पण भाकरी थापताना ऐकणारी बाई पिठाच्या हातांनी फोन मागे नेत बसत नाही.

डोळ्याने वाचताना अडलं, तर नजर मागे जाते. कानाला मागे जाता येत नाही. म्हणून वाचायला केलेलं सार आणि ऐकायला केलेलं सार ही दोन वेगळी कामं आहेत. हे आम्ही एका चुकीतून शिकलो. ती चूक आधी सांगतो.

आमची चूक

पावसाळ्यात लहान मुलांचे जुलाब वाढतात. त्या वेळी आमच्याकडे जुलाबावरचं एक चार पानी पत्रक आलं. आम्ही त्यातला महत्त्वाचा भाग निवडला आणि जसाच्या तसा वाचला. त्यात हे वाक्य होतं :

"घरगुती जलसंजीवनी तयार करण्यासाठी एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात मीठ व साखर अनुक्रमे अर्धा व सहा सपाट चमचे या प्रमाणात मिसळून सदर द्रावण बालकास वारंवार पाजावे."

आठवड्याने आम्ही एका बचत गटाच्या बैठकीला गेलो. कार्यक्रम ऐकला का, काय लक्षात राहिलं, असं विचारलं. एक ताई लगेच म्हणाल्या, "हो तर. एक लिटर पाणी, सहा चमचे मीठ, अर्धा चमचा साखर." शेजारच्या दोघींनी माना डोलावल्या.

आमच्या पोटात धस्स झालं. सहा चमचे मीठ बाळाच्या पोटात गेलं, तर ते अंगातलं पाणी वाढवत नाही, उलट ओढून घेतं. बाळाला झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. सुदैवाने तोवर त्या गटात कुणी ते पाणी केलं नव्हतं. आम्ही तिथेच दुरुस्त करून सांगितलं, दुसऱ्या दिवशी रेडिओवरही सांगितलं.

मग परत येऊन ते वाक्य पुन्हा पाहिलं. त्यात चूक काहीच नव्हती. कागदावर ते वाक्य बरोबर आहे. पण कानाने ते कसं ऐकलं, ते बघा. आधी "मीठ व साखर" आलं. मग "अनुक्रमे" आलं. म्हणजे ऐकणारीने मीठ आणि साखर ही जोडी मनात धरून ठेवायची, त्यानंतर "अर्धा व सहा" ही दुसरी जोडी धरायची, आणि दोन्ही जोड्या मनातच जुळवायच्या. तोवर वाचणारी पुढे गेलेली असते. कानात राहतं काय? पहिला शब्द "मीठ" आणि चमच्याला चिकटून आलेलं "सहा". ताईंनी तेच सांगितलं. चूक त्यांच्या कानाची नव्हती, आमच्या वाक्याची होती.

ही रीत ऐकवून शिकवता येतच नाही, असं मात्र नाही. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो लोक सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते तोंडाने पाजायला सांगितलं. ही रीत पत्रकांतून वाटली गेली, आणि बांगलादेशच्या एका गुप्त रेडिओ केंद्रावरूनही सांगितली गेली. म्हणजे या पेयाचं आणि रेडिओचं नातं पन्नास वर्षांहून जुनं आहे. प्रश्न फक्त सांगायचं कसं, हा आहे.

आता तेच चार पानी पत्रक घेऊन, आम्ही त्याचं दोन मिनिटांचं सार कसं केलं ते पायरीपायरीने सांगतो.

आधी काय सोडायचं ते ठरवा

दोन मिनिटांत किती मावतं, हे आधी मोजून घ्या. एखादा उतारा घड्याळ लावून सावकाश वाचा आणि शब्द मोजा. आमच्यातल्या बहुतेक जणी मिनिटाला शंभर ते एकशे दहा शब्द वाचतात. म्हणजे दोन मिनिटांत दोनशे, फार तर सव्वादोनशे शब्द. आमच्या पत्रकात यापेक्षा किती तरी जास्त मजकूर होता.

त्यात जुलाब का होतात ते होतं. हात कधी धुवायचे ते होतं. ओआरएसचं पाकीट कसं वापरायचं, घरचं मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, झिंकच्या गोळ्या कशा द्यायच्या, बाळाला काय खाऊ घालायचं, दवाखान्यात कधी न्यायचं, आणि शेवटी पाण्याची टाकी कशी स्वच्छ करायची, हेही होतं. सगळंच उपयोगाचं. पण सगळंच थोडं थोडं घेतलं असतं, तर ऐकणारीच्या हाती काहीच लागलं नसतं.

म्हणून आम्ही एकच प्रश्न विचारला. जिच्या बाळाला आज जुलाब सुरू झालेत, तिने आज रात्री काय करायचं? टाकी ती आज रात्री धुणार नाही. जुलाब का होतात, हे कळून तिला आज रात्री मदत होणार नाही. तिने बाळाच्या अंगातलं पाणी टिकवायचं, दूध चालू ठेवायचं, आणि धोका ओळखायचा. झाल्या तीन गोष्टी. बाकीचं आम्ही टाकून दिलं नाही, दुसऱ्या दिवसांसाठी ठेवलं.

इथे आम्हाला एक कठीण निवड करावी लागली. पाणी देण्याच्या दोन रीती पत्रकात होत्या, पाकिटाची आणि घरच्या मीठ-साखरेची. दोन्ही एकाच सारात घेतल्या, तर त्यांची मापं एकमेकांत मिसळतात. कुणी पाकिटातच आणखी साखर घालतं, कुणी पाकिटाच्या पाण्यात मीठ. पाकीट आशाताईंकडे मिळतं आणि त्यात सगळं मोजून घातलेलं असतं. म्हणून सारात आम्ही फक्त पाकीट ठेवलं. घरच्या पेयाचा एक मिनिटाचा वेगळा भाग केला. झिंकच्या गोळ्यांचंही तसंच. बाळाच्या वयाप्रमाणे अर्धी की एक हे बदलतं, आणि जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे असतात. तोही वेगळा भाग झाला.

एका वाक्यात एक काम

आता वाक्यांकडे येऊ. घरच्या पेयाचं ते जुनं वाक्य आम्ही मोडलं. त्याचं असं झालं :

"एक लिटर पाणी घ्या. पाणी उकळून गार केलेलं असावं. त्यात साखर घाला. साखर सहा चमचे. सपाट चमचे, शीग नको. आता मीठ. मीठ फक्त अर्धा चमचा. तोही सपाट. ढवळा आणि आधी स्वतः चाखून बघा. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं, तर ते ओतून द्या. पुन्हा नवं करा."

"अनुक्रमे" गेलं. प्रत्येक आकडा आपल्या वस्तूला चिकटून आला. साखर आणि मीठ यांच्या मध्ये "आता मीठ" हा छोटा थांबा आला. आणि शेवटी चाखण्याची खूण आली. ऐकण्यात चूक झालीच, तर ती जिभेवर पकडली जाते. ज्या मापात चूक झाली तर जिवावर बेतेल, त्याच्यासोबत अशी एक घरची परीक्षा सांगायचीच, हा आम्ही नियम केला.

छोटं वाक्य म्हणजे किती छोटं? एका श्वासात, घाई न करता वाचून होईल इतकं. आठ-दहा शब्दांपुढे गेलं, की आम्ही थांबून बघतो. पण सगळी वाक्यं तीन-चार शब्दांची केली, तर ते हुकूम सोडल्यासारखं वाटतं. मध्ये "म्हणून", "नाहीतर", "मग" असे शब्द यायला हवेत. ते एका गोष्टीला दुसरीशी बांधतात.

आपल्या मराठीत छोट्या वाक्याची गरज जास्तच आहे, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. "करा" की "करू नका" हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही. हे वाक्य ऐका : "जुलाब चालू असताना बाळाला अंगावरचं दूध, पेज किंवा मऊ भात देणं कोणत्याही कारणाने थांबवू नये." यातला सगळा अर्थ शेवटच्या दोन अक्षरांत आहे. नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली, गाय हंबरली, की "थांबवू" एवढंच ऐकू येतं. उलटा अर्थ घरात जातो. म्हणून शक्य तिथे "नका" आणि "नये" काढून सरळ काय करायचं तेच सांगा. "दूध थांबवू नये" ऐवजी "दूध पाजत राहा." आता शेवटचा शब्द बुडाला, तरी नुकसान होत नाही.

याच कारणाने आम्ही चुकीची समजूत आधी सांगत नाही. पहिल्या खर्ड्यात आम्ही लिहिलं होतं, "काही जणी म्हणतात, दूध बंद केलं की जुलाब थांबतात. पण ते खरं नाही." पहिलं वाक्य ऐकून जी बाई गुरांना पाणी दाखवायला उठली, ती आमच्याच तोंडची चुकीची गोष्ट घेऊन गेली. ते वाक्य आम्ही काढून टाकलं.

आकडे कानाला कसे लागतात

आकड्यांबद्दल थोडं. मराठीत "सात" आणि "साठ" ऐकायला जवळजवळ सारखे. "बावीस" आणि "बत्तीस" यांचंही तसंच. म्हणून एका वाक्यात एकच आकडा ठेवा आणि महत्त्वाचा आकडा दोन रूपांत सांगा. "चौदा दिवस, म्हणजे पुरते दोन आठवडे." "एकशे आठ. एक, शून्य, आठ." पहिल्यांदा निसटला, तर दुसऱ्यांदा हाती लागतो.

वाचायच्या कागदावर आकडा अक्षरात लिहा. ऐन वेळी १०८ बघून कुणी "एक हजार आठ" म्हणून गेलं, तर मागे येता येत नाही. मापंही घरची सांगा. पत्रकात "मिलिलिटर" असतं, पण चुलीजवळ वाटी, चमचा आणि पेला असतो. मात्र पेले लहान-मोठे असतात. म्हणून ओआरएसच्या पाण्यासाठी आम्ही "चार पेले" म्हणत नाही. काही पाकिटं एक लिटरची असतात, काही लहान असतात. पाणी कमी पडलं तर ओआरएस फार खारट होतं, जास्त झालं तर त्याचा गुण कमी होतो. म्हणून आम्ही आकडाच सांगत नाही. "पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी" असं सांगतो. कधी कधी आकडा न सांगणं जास्त सुरक्षित असतं.

वाटेवरचे दगड

रस्त्यावर मैलाचे दगड असतात. किती आलो आणि किती राहिलं, ते कळतं. ऐकणारीलाही तसे दगड लागतात. कागदावर मथळा असतो, ठळक अक्षर असतं, नवा परिच्छेद असतो. यातलं काहीच ऐकू येत नाही. ते काम शब्दांनी करावं लागतं.

आम्ही हे दगड तीन ठिकाणी ठेवतो. सुरुवातीला सांगतो, किती गोष्टी आहेत आणि त्यांची नावं काय. मध्ये सांगतो, कोणती संपली आणि कोणती सुरू झाली. शेवटी फक्त ती नावं पुन्हा घेतो. नाव एका शब्दाचं असावं, आणि सुरुवातीला, मध्ये, शेवटी तेच असावं. पहिल्यांदा "पाणी", मग "जलसंजीवनी", मग "द्रावण" असं झालं, तर ऐकणारीला त्या तीन वेगळ्या वस्तू वाटतात. शाळेत निबंधात तोच शब्द पुन्हा आला की बाई खूण करायच्या. इथे तोच शब्द पुन्हा यायलाच हवा.

"वर सांगितल्याप्रमाणे", "खालील", "पुढील तक्त्यात", "कंसात दिल्याप्रमाणे" हे सगळे डोळ्याचे शब्द आहेत. कानाला वर-खाली नसतं. "ते", "त्यास", "सदर" यांनीही घोटाळा होतो. "ते लगेच द्यावे" म्हटलं, तर काय द्यावं? दूध, पाणी की गोळी? वस्तूचं नाव पुन्हा घ्या.

आणखी एक गोष्ट. सगळ्याजणी पहिल्या वाक्यापासून ऐकत नसतात. कुणी मध्येच येते. म्हणून प्रत्येक नव्या दगडाजवळ विषयाचं नाव पुन्हा घ्यावं. "जुलाब झालेल्या बाळाला दूध पाजत राहा" असं म्हटलं, की आत्ता आलेलीलाही कळतं कशाबद्दल चाललंय.

तयार झालेलं सार

हे सगळं धरून आम्ही लिहिलेलं सार असं होतं :

"बाळाला जुलाब होत असतील, तर घरी काय करायचं? तीन गोष्टी लक्षात ठेवा. पाणी, दूध आणि धोक्याची खूण.

पहिली गोष्ट, पाणी. जुलाबात बाळाच्या अंगातलं पाणी निघून जातं. ते पाणी ओआरएसने भरून निघतं. ओआरएसचं पाकीट आशाताईंकडे मिळतं. पाकिटावर पाण्याचं माप लिहिलेलं असतं. तेवढंच पाणी मोजून घ्या. पाणी उकळून गार केलेलं असावं. त्यात पूर्ण पाकीट टाका आणि ढवळा. प्रत्येक जुलाबानंतर हे ओआरएस चमच्याने पाजा. बाळाने उलटी केली, तर दहा मिनिटं थांबा. मग पुन्हा पाजा, सावकाश. उरलेलं ओआरएस दुसऱ्या दिवशी टाकून द्या. नवं करा.

ही झाली पहिली गोष्ट, पाणी. आता दुसरी गोष्ट, दूध. जुलाब झालेल्या बाळाला अंगावरचं दूध पाजत राहा. नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा. बाळ जेवणारं असेल, तर मऊ भात, खिचडी भरवा. दुधाने आणि जेवणाने बाळाची ताकद टिकते.

आता तिसरी आणि शेवटची गोष्ट, धोक्याची खूण. जुलाब झालेल्या बाळाकडे नीट बघा. शीमध्ये रक्त दिसतं का? बाळ काहीच पीत नाही का? बाळ मलूल पडलंय का? यातली एक जरी खूण दिसली, तर लगेच दवाखान्यात न्या. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल, तर खुणांची वाट न बघता थेट दवाखान्यात न्या. गाडी नसेल, तर एकशे आठला फोन करा. एक, शून्य, आठ. नुसती शंका आली, तरी आशाताईंना दाखवा.

तर बाळाच्या जुलाबात तीन गोष्टी. पाणी पाजा. दूध चालू ठेवा. धोक्याची खूण दिसली, की दवाखाना गाठा."

यात एक गोष्ट बघा. धोक्याच्या खुणांना आम्ही "एक, दोन, तीन" असे आकडे दिले नाहीत. पहिल्या खर्ड्यात दिले होते. तेव्हा ऐकणाऱ्यांना "तिसरी गोष्ट" आणि "तिसरी खूण" यांत गोंधळ झाला. यादीच्या आत यादी कानाला पेलत नाही. म्हणून आतल्या यादीचे प्रश्न केले. प्रश्न ऐकला, की बाई मनातल्या मनात बाळाकडे बघून उत्तर देते. त्यामुळे खुणा लक्षातही राहतात.

लिहायचा कागद कसा असावा, तेही सांगतो. एका ओळीवर एकच वाक्य, मोठ्या अक्षरात. वाक्य पानाच्या शेवटी तोडायचं नाही, नाहीतर पान उलटताना आवाज अडखळतो. जिथे मोठा थांबा घ्यायचा, तिथे उभी रेघ मारायची. दगडाच्या वाक्याआधी आम्ही नेहमी थांबतो. त्या थांब्याने ऐकणारीला कळतं, की आता नवीन काही येतंय.

पारख कशी करायची

सार झालं, की ते ज्याने लिहिलं त्याला नेहमीच सोपं वाटतं. म्हणून पारख दुसरीने करायची. आम्ही तीन बायका बघतो, ज्यांनी ते पत्रक वाचलेलं नाही. त्या आपलं काम करत असताना, निवडत-सोलत असताना, त्यांना सार एकदाच ऐकवतो. मग थोडा वेळ दुसरंच बोलतो. त्यानंतर विचारतो. पण "समजलं का?" असं कधीच विचारत नाही. त्यावर कुणीही "हो" म्हणतं. आम्ही म्हणतो, "ताई, आता समजा मी शेजारीण आहे आणि माझ्या बाळाला जुलाब झालेत. मला सांगा, मी काय करू?"

त्या सांगतात तेव्हा मध्ये बोलायचं नाही, सुधारायचं नाही. फक्त कागदावर खूण करायची. एखादी गोष्ट एकीची निसटली, तर बघू. दोघींची निसटली, तर वाक्य बदलायचं. एखादं माप एकीनेही उलटं सांगितलं, तर मात्र ते सार तसं जाऊ द्यायचं नाही.

या सारात पहिल्या पारखीला तिघींपैकी दोघींनी "पाकिटावरचं माप" सोडून दिलं. आम्ही बघितलं, तर "पाकिटावरील सूचनेनुसार पाणी घ्या" असं एकच वाक्य होतं. ते कानावरून घसरत होतं. त्याची दोन वाक्यं केली. "पाकिटावर पाण्याचं माप लिहिलेलं असतं. तेवढंच पाणी मोजून घ्या." दुसऱ्या खेपेला तिघींनीही सांगितलं.

अशी पारख फार मोठ्या कामातही झालेली आहे. बांगलादेशात १९८० ते १९९० या काळात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि एक कोटीहून जास्त घरांत जुलाबावरचं घरगुती पेय शिकवलं. अनेक आयांना वाचता येत नव्हतं. म्हणून सगळी शिकवण मोजक्या, तोंडपाठ होतील अशा मुद्द्यांत बसवली होती. काही दिवसांनी दुसरं माणूस जाऊन काही घरांत विचारायचं, आईला किती आठवतं, पेय करून दाखवता येतं का. कार्यकर्तीचा मोबदला त्यावर ठरायचा. किती घरं केली यापेक्षा किती लक्षात राहिलं, याला किंमत होती.

आवाजाने काय होत नाही, हेही ओळखून असावं. सपाट चमचा म्हणजे किती, हे दाखवावं लागतं. वयाप्रमाणे बदलणारी गोळी एकेकीला विचारून सांगावी लागते. अशा जागी सारात माणसाचं नाव घ्यायचं. आशाताईंना विचारा, अंगणवाडीत बघून या. सार तिथपर्यंत पोचवतं, पुढचं काम आशाताई समोर बसून करतात.

त्या गटातल्या ताईंना आम्ही नवं सार सगळ्यांत आधी ऐकवलं. शेंगा फोडत त्यांनी ते ऐकलं आणि शेजारणीला सांगावं तसं परत सांगितलं. तिन्ही गोष्टी बरोबर आल्या. मग आम्ही त्यांना घरच्या पेयाचा वेगळा भागही ऐकवला आणि विचारलं, "आणि मीठ किती?" त्या म्हणाल्या, "अर्धा चमचा. सपाट. आणि आधी मी चाखणार, मग बाळाला."